साठ दप्तरांची पोस्ट नव्याने लिहिताना

*मी ठाण्यात राहते, ऐरोलीला नोकरी करते. गेल्या शनिवारी ऑफिसातले आम्ही चौदा जण शहापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. दुपारी तीनपर्यंत मुलांसोबत होतो. परतताना गाडीत बसूनच मी फेसबुकवर लिहिलं:*

*‘आज जगण्याचा खरा अर्थ कळला! शहापूरच्या दुर्गम भागातल्या (गावाचं नाव) शाळेत आम्ही ज्ञानाचा छोटासा दिवा लावून आलो. पायात चप्पल नाही, अंगावर धड कपडे नाहीत, तरी चेहऱ्यावर निरागस हसू! तिसरीतली चिमुकली (मुलीचं नाव), बाबा दारू पितात, आई वीटभट्टीवर... माझा हात सोडायलाच तयार नव्हती. “ताई, परत कधी येणार?” डोळ्यांत टचकन पाणी आलं. आम्ही त्यांना साठ दप्तरं दिली, त्यांनी आम्हाला जगायला शिकवलं. आपण किती नशीबवान आहोत, नाही?’*

*सोबत तिचा आणि माझा फोटो होता. मंगळवारी शाळेतल्या मॅडमचा फोन आला, ‘ताई, पोस्ट गावात फिरतेय. मुलीची आई शाळेत येऊन रडून गेली.’ मी पोस्ट लपवली आहे. ऑफिसला मात्र ती येत्या सोमवारी कंपनीच्या पानावर हवी आहे. मला मुलांबद्दल खरंच आपुलकी वाटली होती. काय बदलू? पोस्टमध्ये न आलेलंही बरंच आहे. मुलांनी परिपाठ घेतला, परसबाग दाखवली, आणि आमच्या सहकाऱ्याने फळ्यावर काढलेलं भाताचं रोप चौथीच्या मुलांनी पुसून पुन्हा काढलं, कारण त्याची लोंबी चुकली होती.*

*— एक वाचक, ठाणे*

*(गावाचं आणि मुलीचं नाव छापताना वगळलं आहे.)*

तुमची खरी पोस्ट पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. तिच्याकडे येऊच. पण लिहायला बसण्याआधी दोन कामं आहेत आणि ती आजच करा.

पोस्ट लपवलीत हे बरं केलंत, आता ती फोटोसकट काढूनच टाका. लपवलेली पोस्ट खात्यात पडून राहते, वर्षभराने ‘आठवण’ म्हणून समोर येते आणि चुकून पुन्हा शेअर होते. शिवाय तो फोटो एकट्या तुमच्याकडे नाही. चौदा फोन, ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कुणाचं स्टेटस, कुणाचं इन्स्टाग्राम. ग्रुपवर एकच स्पष्ट निरोप टाका: ‘शनिवारच्या भेटीतले मुलांचे चेहरे दिसणारे फोटो ज्यांनी कुठे टाकले असतील त्यांनी ते आजच काढावेत आणि पुढे पाठवू नयेत. त्यामुळे एका घरी त्रास झाला आहे.’ कोणाच्या घरी, हे या निरोपातही लिहू नका. गावात फिरलेले स्क्रीनशॉट मात्र परत येणार नाहीत. ते मान्य करूनच पुढे जावं लागेल.

दुसरं काम, मॅडमना फोन. आईला भेटायला परस्पर जाऊ नका. तुमची गाडी वस्तीवर उभी राहिली की ज्यांना पोस्टचं काही माहीत नव्हतं त्यांनाही कळेल. निरोप मॅडममार्फत जाऊ द्या, आणि तो एवढाच असू द्या: ‘तुमच्या मुलीबद्दल आणि घराबद्दल मी न विचारता लिहिलं, ते चुकलं. पोस्ट आणि फोटो काढून टाकलेत. यापुढे मी तसं काही कुठे लिहिणार नाही.’ ‘माझा हेतू चांगला होता’ हे त्यात घालू नका, कारण मग तुम्हाला समजून घ्यायचं ओझं त्या आईवरच पडतं. काही वस्तूही पाठवू नका. आणि नव्या पोस्टला परवानगी याच फोनमध्ये मागू नका. माफी मागता मागता काही मागितलं की समोरच्याला नाही म्हणणं अवघड होतं.

आता मजकूर. तिसरीतली ती मुलगी पोस्टमधून पूर्णपणे जायला हवी. नाव बदलून भागत नाही. साठ दप्तरं वाटलीत म्हणजे शाळेचा पट साठच्या आसपास असणार. पाच वर्ग धरले तर तिसरीत दहा-बारा मुलं, त्यांत मुली पाच-सहा. त्यांपैकी जिची आई भट्टीवर जाते आणि जी दिवसभर एका ताईंचा हात धरून होती, ती कोण हे गावाला नावाशिवायही कळतं. तुमच्या ठाण्यातल्या मित्रमंडळींसाठी ती अनोळखी आहे, पण ती राहते त्या वस्तीत तिला सगळे ओळखतात. आणि तिथेही फोन आहेत, फेसबुक आहे.

वडिलांच्या दारूची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली, हेही आठवून बघा. बहुतेक शिक्षकांनी सांगितली असेल, मुलीशी जरा सांभाळून बोला म्हणून. नाहीतर वर्गातल्याच एखाद्या मुलाने. दोन्ही वेळी ती तुमच्यापाशी राहावी म्हणून सांगितलेली गोष्ट होती. ती छापून आल्यावर पालक पहिला प्रश्न शाळेला विचारतात: आमच्या घरातलं शहरातल्या माणसांना कोणी सांगितलं? मग घरात काही बिनसलं, भट्टीवर जायचं ठरलं, मुलीला मामाकडे ठेवायचं ठरलं, तरी आई ते मॅडमना सांगायला येत नाही. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल शाळेतून गळू नये यासाठी शिक्षकाला घरची खबर वेळेवर मिळणं फार मोलाचं असतं. तुमच्या त्या एका ओळीचं सर्वांत मोठं नुकसान इथे आहे.

मुलांविषयी लिहिणाऱ्यांसाठी युनिसेफने केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याबाबत एक उपयोगी नियम आहे: मुलाला धोका पोचेल का अशी शंका असेल, तर एका मुलाबद्दल न लिहिता तिथल्या मुलांच्या एकूण परिस्थितीबद्दल लिहा. वीटभट्टीच्या स्थलांतराबद्दल लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहा, पण वेगळं लिहा, माहिती घेऊन लिहा, आणि त्यात ही मुलगी असू नये. भेटीच्या पोस्टमध्ये तो विषय तोंडी लावण्यापुरता आणू नका.

‘ताई, परत कधी येणार?’ हेही काढा. दिवसभर आपल्याकडे लक्ष देणाऱ्या पाहुण्याला त्या वयाची मुलं लगेच बिलगतात. त्यात तुमच्या आपुलकीला दाद आहे, पण तो खरोखरीचा प्रश्नही आहे आणि त्याचं उत्तर मुलीला मिळायला हवं. जाणार असाल तर शाळेशी बोलून तारीख ठरवा आणि ती पाळा. जाणार नसाल तर मॅडमना तसं सांगा, त्या मुलांना सांगतील.

उरलेल्या पोस्टवर आता पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक वाक्यात कोण काय करतंय त्याखाली रेघ मारा. अर्थ कळला तुम्हाला. दिवा लावला तुम्ही. डोळ्यांत पाणी तुमच्या, दप्तरं दिली तुम्ही, नशीबवानही तुम्हीच. मुलांच्या वाट्याला काय आलं? हसणं, हात धरणं, परत कधी येणार विचारणं आणि तुम्हाला जगायला शिकवणं. यातलं एकही काम मुलांनी स्वतःसाठी केलेलं नाही, सगळं तुमच्याकडे तोंड करून आहे. पोस्ट खटकते ती इथे. ‘बिचारी’सारखा शब्द तुम्ही कुठेच वापरलेला नाही, तरी वाचणाऱ्याच्या मनात तोच उमटतो.

पुढची कसोटी अशी. शहापूरच्या जागी घोडबंदर रोडवरची एखादी शाळा ठेवा आणि पोस्ट मोठ्याने वाचा. तिथल्या तिसरीतल्या मुलीच्या वडिलांचं व्यसन, नाव आणि फोटोसकट, तुम्ही फेसबुकवर लिहिलं असतंत का? तिथल्या मुलांना ‘चिमुकली’, ‘निरागस’ म्हटलं असतंत का? तुम्ही ‘चौथी ब’ म्हणाला असता. इथेही तसंच लिहा: चौथीची मुलं, तिसरीचा वर्ग. जमातीचा उल्लेख मुलांनी किंवा शाळेने स्वतः केला नसेल तर तुम्हीही करू नका.

काही वाक्यं तर वस्तुस्थितीलाच धरून नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बारकाईने बघू. ‘पायात चप्पल नाही’ हे तुम्ही बहुधा वर्गातल्या मुलांकडे बघून लिहिलंत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत चपला व्हरांड्यात, पायरीशी काढून आत जायची पद्धत असते. मुलं जमिनीवर बसतात, वही-पुस्तक तिथेच ठेवतात, कित्येकदा पोषण आहाराची पंगतही त्याच व्हरांड्यात बसते. तिथे पादत्राणं बाहेर ठेवणं ही शिस्त आहे. तुमच्या फोटोंत मागे व्हरांडा आला असेल तर तो मोठा करून बघा, बाहेर चपलांची रांग दिसेल. अनवाणी पाय बघून गरिबीचा अर्थ काढणाऱ्या पोस्टी पुष्कळ निघतात, आणि त्यातल्या अनेकांत त्याच फोटोत बूट घालून वर्गात उभे असलेले पाहुणेही असतात. एखाद्या मुलाकडे खरोखरच चप्पल नसेल, तर ते मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचं, पोस्टमध्ये नाही.

कपड्यांचंही तसंच. बऱ्याच शाळांत शनिवारी गणवेशाची सक्ती नसते, मुलं घरच्या, खेळायच्या कपड्यांत येतात. तुम्ही नेमका तोच वार निवडलात.

‘दुर्गम’ हा शब्द जपून वापरा. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. तुमची शाळा खरंच आडवाटेला असेल, शेवटचा टप्पा पायी असेल, तर तेवढंच सांगा: ‘डांबरी रस्ता संपल्यावर अर्धा तास चालावं लागतं, शिक्षक रोज चालतात.’ त्यातून माहितीही मिळते आणि मानही राहतो. आणि हा तालुका म्हणजे कुठला तरी मागे पडलेला कोपरा, असा सूर नको. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही धरणं याच तालुक्याच्या परिसरात आहेत. ठाणे शहराला पाणी पुरवणारी एक मोठी योजना भातसा नदीवर आहे. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ठाण्यातून तिथे गेलेल्या माणसाने ‘आपण किती नशीबवान’ असं लिहिलं, की हे ठाऊक असलेल्या वाचकाला ते लागतं. ते वाक्य काढूनच टाका. दुसऱ्याचं आयुष्य आपल्या समाधानाचं मोजमाप म्हणून वापरायचं नाही, मग ते मोठं माणूस असो की मूल.

राहिला ज्ञानाचा दिवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेने वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवायचं असतं. तुम्ही शनिवारी काही तास होतात. दिवा आधीपासून लागलेला आहे आणि तो कोणी लावला ते तुम्हाला माहीत आहे, त्यांनीच तुम्हाला मंगळवारी फोन केला. म्हणून नव्या पोस्टमध्ये शिक्षकांची एक ओळ हवी. स्तुती नको, काम सांगा: दोन शिक्षक आणि पाच वर्ग असतील तर तेवढंच लिहिलं तरी वाचणाऱ्याला पुरेसं कळतं. आकडा मात्र विचारून घ्या.

यानंतर जे उरतं ते भाताचं रोप. पोस्टची सुरुवात तिथून करा, कारण तिथे मुलं आपल्या माहितीच्या बळावर काहीतरी करताहेत आणि मोठी माणसं बघताहेत. आधी त्या सहकाऱ्याला आणि तेव्हा वर्गात असलेल्या आणखी एकाला घेऊन वीस मिनिटं बसा आणि आठवेल तसं लिहून काढा. डस्टर कोणी मागितला? मुलं आधी एकमेकांशी कुजबुजली का? त्यांनी लोंबी कशी काढली? काय शब्द वापरले? गव्हाची ओंबी बरीचशी ताठ उभी असते, भाताची लोंबी दाणा भरला की वजनाने खाली झुकते. शहरातला माणूस चित्र काढताना हमखास दोन्हींची गल्लत करतो. मुलांनी राब भाजण्याबद्दल किंवा आवणीबद्दल काही सांगितलं असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहा. नसेल सांगितलं तर घालू नका. गोड दिसावं म्हणून मुलांच्या तोंडी वाक्य रचणं हाही अनादरच आहे, आणि शाळेतल्या मॅडमना ते पहिल्या वाचनात कळतं.

एक मसुदा देत आहोत. कंसातलं तुम्ही भरा.

‘भाताची लोंबी ताठ नसते. शनिवारी शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत चौथीच्या मुलांनी आमचं चित्र दुरुस्त केलं.

आमच्या सहकाऱ्याने फळ्यावर भाताचं रोप काढलं होतं, लोंबी गव्हासारखी सरळ उभी. मुलांनी थोडा वेळ बघितलं, मग (एकाने डस्टर घेतला). लोंबी पुसली आणि खाली झुकलेली काढली. दाणा भरला की ती वाकते, असं त्यांनी समजावलं. (इथे त्यांचं एखादं वाक्य, जसंच्या तसं.) सकाळचा परिपाठही मुलांनीच घेतला, आणि नंतर शाळेची परसबाग फिरून दाखवली. तिथे सध्या (भाज्यांची नावं) लावली आहेत.

शनिवारची शाळा सकाळची असते. आम्ही आलो म्हणून मुलं आणि शिक्षक दुपारी तीनपर्यंत थांबले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. या शाळेत (संख्या) शिक्षक (संख्या) वर्ग वर्षभर शिकवतात. आम्ही त्या दिवसाचे पाहुणे होतो. ऑफिसच्या वर्गणीतून शाळेला दप्तरं दिली.

शाळेने वाचून संमती दिल्यावर हे लिहिलं आहे. मुलांचे फोटो टाकलेले नाहीत.’

शनिवारच्या सकाळच्या शाळेचा उल्लेख मुद्दाम घातला आहे. शाळा साधारण अकरा-साडेअकराला सुटली असती, म्हणजे मुलांनी घरी जायचा, खेळायचा, जेवायचा वेळ तुम्हाला दिला. तुम्ही काय दिलंत ते जुन्या पोस्टमध्ये होतं, त्यांनी काय दिलं ते नव्हतं. ‘त्यांनी आम्हाला जगायला शिकवलं’ या वाक्याने ते भरून निघत नाही, कारण ते कुठल्याही शाळेबद्दल, कुठल्याही दिवशी लिहिता येतं. शाळा सुटल्यावरही साडेतीन-चार तास थांबले, हे त्याच मुलांबद्दल आणि त्याच शनिवारबद्दल खरं आहे.

दप्तरं शेवटी आणि आकड्याशिवाय आहेत. ती शाळेने सुचवली होती का, हे तपासा. सुचवली असतील तर ‘शाळेने सांगितल्याप्रमाणे’ असं जोडा. तुम्हीच ठरवून नेली असाल तर मसुद्यातलं वाक्य आहे तसं राहू द्या.

या दुरुस्तीत एक उलटी चूकही होते, तीही टाळा. दया काढून टाकली की लोक तिच्या जागी कौतुकाचा पूर आणतात: ही निसर्गाची लेकरं, मातीशी नाळ जोडलेली, पुस्तकाबाहेरचं खरं ज्ञान यांच्याकडेच. हेही मुलांना त्यांच्या आहे तेवढ्या आकारात न बघणंच झालं. ती चौथीची मुलं आहेत. त्यांना भात माहीत आहे, कारण घरी भात लावतात, आणि त्यांना अपूर्णांक, इंग्रजी, नकाशाही शिकायचा आहे. ‘हे बघा, यांना आपल्या शाळांची गरजच नाही’ असा अर्थ कोणी काढेल असं एकही वाक्य ठेवू नका.

फोटो एकच टाका: मुलांनी दुरुस्त केलेल्या फळ्याचा. तो कोणी काढला नसेल तर फोटोशिवाय टाका. परसबागेचा चालेल, पण फोटो टाकण्याआधी त्याच्या चारही कडा तपासा. शाळेच्या भिंतीवर गावाचं नाव, केंद्राचं नाव आणि अकरा आकडी यू-डायस क्रमांक रंगवलेला असतो. त्या क्रमांकावरून शाळा नेमकी कुठली ते सहज काढता येतं. फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजेरी लिहिलेली असते, कधी कधी मुलांची नावंही. फेसबुकवर ठिकाण जोडू नका. चेहऱ्यावर गोल चिकटवून किंवा चेहरा धूसर करून फोटो वापरायचा विचार असेल तर तोही सोडा. ओळखीचे लोक कपड्यांवरून ओळखतातच, आणि चेहरा झाकलेलं मूल बातमीतल्या आरोपीसारखं दिसतं.

पुढे कधी चेहरा दिसणारा फोटो हवाच असेल, तर ती भेटीच्या दिवशी उरकायची गोष्ट नाही. पालकांची लेखी संमती मराठीत घ्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: फोटो कोणता, कुठे टाकणार, किती काळ ठेवणार, आणि नको वाटला तर कोणाला फोन केल्यावर तो निघेल. वाचता न येणाऱ्या पालकाला दुसऱ्या पालकाकडून वाचून दाखवा, तुम्ही स्वतः नको. मुलाला वेगळं विचारा, आणि त्याने नुसती मान खाली घातली तर ते ‘नाही’ समजा. शिक्षकांनी ‘काढा की’ म्हणणं ही पालकांची संमती होत नाही. ज्या दिवशी हातात दप्तर ठेवलं त्याच दिवशी घेतलेली सही ही मोकळ्या मनाने दिलेली सही नसते.

शाळेला मसुदा दाखवताना तो व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ मजकूर म्हणून पाठवा आणि मुख्याध्यापकांनाही पाठवायला सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हा प्रकार गावात गाजला असल्यामुळे मसुदा समितीच्या अध्यक्षांनीही वाचलेला बरा. सोबत लिहा: ‘यातलं काहीही काढायचं असेल तर काढू. पोस्टच नको असेल तर टाकणार नाही. सवडीने सांगा.’ शेवटचे दोन शब्द मनापासून पाळायचे म्हटले, तर सोमवार गाठता येणार नाही.

तेव्हा ऑफिसला आजच कळवा. त्यांना बहुधा ‘साठ मुलांच्या चेहऱ्यावर हसू’ असा मथळा आणि घोळक्याचा फोटो हवा असेल. भांडू नका, दोन गोष्टी सांगा. एक, आधीच्या पोस्टवरून गावातून तक्रार आली आहे, आणि तीच पोस्ट कंपनीच्या नावाने गेली तर तक्रारही कंपनीच्या नावाने येईल. दोन, 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. ते फोटो वापरण्याआधी कंपनीच्या कायदा विभागाला विचारू द्या. सोबत नवा मसुदा जोडा. तयार मजकूर हातात असला की मनुष्यबळ विभाग सहसा अडून बसत नाही. हॅशटॅग लागतीलच तर तालुक्याचं नाव आणि ‘शाळा’ एवढे पुरेत. दानाचे, आशीर्वादाचे नकोत.

पोस्ट गेल्यावर पहिल्या दिवशी प्रतिक्रियांवर लक्ष ठेवा, कारण मजकुरातून काढलेली दया तिथून परत येते. ‘किती पुण्याचं काम केलंत’ याला ‘चित्र मुलांनी दुरुस्त केलं, आम्ही बघत होतो’ एवढं उत्तर द्या. ‘बिचारी पोरं’ अशी प्रतिक्रिया लपवा, त्यावर वाद घालू नका, वादाने ती वरच राहते. ‘पत्ता द्या, आम्हालाही जायचंय’ असं हमखास कोणीतरी लिहील. पत्ता देऊ नका. ‘आधी शाळेला विचारून कळवते’ असं लिहा आणि खरंच विचारा. ओळीने चार शनिवार चार गट आले तर मुलांचे चार शनिवार जातात. कोणी मुलीबद्दल विचारलं, ‘ती हात धरणारी छोटी कुठे गेली?’, तर ‘तिच्याबद्दल मी लिहायला नको होतं, म्हणून काढलं’ एवढं सांगून थांबा. त्यावर आणखी प्रश्न आले तर उत्तर देऊ नका.

मॅडमनी मसुद्यातलं एखादं वाक्य काढायला सांगितलं तर कारण विचारत बसू नका. गावात काय चाललंय ते त्यांना दिसतं आणि सगळंच फोनवर सांगता येत नाही. वाक्य काढा, सुधारलेला मजकूर त्यांना पुन्हा पाठवा, आणि त्यांचा ‘ठीक आहे’ आल्यावरच तो ऑफिसला द्या.